पंखा चालू असताना मोजा

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझा विषय 'स्विचमधली केबल-चाचणी' असा छापलाय आणि वेळ चाळीस मिनिटं. त्यातली पंधरा सत्कारात गेली, त्यात माझाही सत्कार होता, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. पण चिठ्ठी यायच्या आत मला एक गोष्ट सांगायचीच आहे. ती सांगितल्याशिवाय मुद्द्यावर आलो तर तुम्ही मान डोलवाल आणि उद्या परत तोच आठ दिव्यांचा टेस्टर घेऊन निघाल.

तो टेस्टर कुणाकुणाच्या बॅगेत आहे? हात वर करा. सगळ्यांच्या. माझ्याही आहे. एक ते आठ दिवे ओळीने पेटले की आपण म्हणतो, केबल ओके, आणि मग दोष पीसीवर, ड्रायव्हरवर, नाहीतर ग्राहकाच्या नशिबावर ढकलतो. या टेस्टरवर माझा राग आहे, आणि तो कुठून आला ते सांगतो.

एक पतसंस्था. नाव नको. दुसऱ्या मजल्यावर कॅश काउंटर. तक्रार अशी की सकाळी सगळं झकास चालतं आणि अकरानंतर सॉफ्टवेअर रेंगाळतं. कॅशियरताई म्हणायच्या, "अहो, दुपारी हा पीसी जेवायला जातो." मी गेलो की पीसी जेवून आलेला असायचा. स्विचवर पाहिलं तर चौदा नंबरच्या पोर्टला कधी `a-1000`, कधी `a-100`. म्हणजे गिगाबिट सोडून पोर्ट शंभरावर उतरत होता.

इथे जरा थांबतो. शंभर मेगाबिटला दोनच पेअर लागतात, पिन 1-2 आणि 3-6. गिगाबिटला चारही लागतात. पण दोन्ही टोकांची आपसातली बोलणी होतात ती पहिल्या दोन पेअरवरच. त्यामुळे निळी किंवा ब्राऊन पेअर तुटली, तर दोन्ही बाजू 'हजारावर चालू' असं ठरवतात आणि प्रत्यक्षात लिंक उठतच नाही. काही प्रयत्न फसले की बऱ्याच चिप स्वतःहून शंभरावर उतरतात आणि एकदा उतरल्या की लिंक पुन्हा तुटेपर्यंत तिथेच बसतात. ग्राहकाला लिंक दिसते, दिवा दिसतो, काम मात्र रखडतं. शंभरावर अडकलेला गिगाबिट पोर्ट दिसला की आधी 4-5 आणि 7-8 वर संशय घ्या.

हे मला तेव्हाही माहीत होतं, असं म्हणायला आवडलं असतं. मी काय केलं? पीसीचा ड्रायव्हर बदलला. स्विचचा पोर्ट बदलला. दोन्ही टोकांना क्रिम्पिंग केलं, एकदा नव्हे, चार वेळा. चौथ्या वेळी व्यवस्थापकसाहेब शेजारी खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "तुम्ही लोकरीचं विणकाम पण करता का?" दर वेळी तो टेस्टर लावला आणि दर वेळी आठ दिवे. शेवटी ठेकेदार म्हणाला, पीओपीचं छत फोडू, नवी केबल ओढू. साहेबांनी नुकतंच त्या छताला रंग दिला होता. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

मग मला आठवलं की स्विचमध्येच टीडीआर हे केबल-चाचणीचं साधन आहे. तेही नीट वापरलं नाही, ती फजिती आता ऐका. ताईंचा पीसी दुपारी बंद करणं शक्य नव्हतं, कारण चाचणी चालू असताना लिंक काही सेकंद जाते आणि काउंटरवर रांग होती. म्हणून मी रात्री आठला गेलो. चाचणी घेतली, चारही पेअर `Normal`. मी घरी जाऊन शांत झोपलो. दुसऱ्या दिवशी साडेअकराला फोन.

उलगडा केला तो शिपाईमामांनी. ते म्हणाले, "साहेब, मी पंखा लावला की ताई ओरडतात." भिंतीवरचा पंखा, दोन महिन्यांपूर्वी बसवलेला. ज्या भिंतीवरून आपली केसिंगपट्टी जाते, त्याच भिंतीवर. सकाळी गारवा असतो, अकराला पंखा चालू होतो. मी रात्री आलो तेव्हा पंखा बंद होता. टेस्टर लावताना तर दर वेळी मीच पंखा बंद करायला लावायचो, वायर उडते म्हणून! तुटलेल्या तारेची टोकं एकमेकांना टेकून राहायची. टेस्टरला टेकलेलंही पुरतं, आणि रात्री टीडीआरलाही पुरलं. पंखा हलला की टोकं सुटायची.

(चिठ्ठी आली. दहा मिनिटं. ठीक आहे, मी आता पळतो.)

टीडीआर म्हणजे विहिरीत हाक मारणं. स्विच पेअरमध्ये एक छोटा विद्युत धक्का सोडतो आणि प्रतिध्वनी किती वेळाने आला ते मोजतो. केबलचा अवरोध 100 ओहम असतो आणि तो टोकापर्यंत सारखा असेल, पलीकडच्या यंत्रातही तेवढाच असेल, तर धक्का गिळला जातो, परत काही येत नाही. म्हणूनच चांगल्या पेअरचं अंतर ही पद्धत नुसत्या प्रतिध्वनीवरून सांगू शकत नाही. तार तुटलेली असेल तर धक्का आहे तसाच उलटा फिरतो, दोन तारा टेकल्या असतील तर चिन्ह बदलून फिरतो. यावरून स्विच `Open` आणि `Short` वेगळे ओळखतो. तांब्याच्या केबलमध्ये धक्का प्रकाशाच्या साधारण दोन तृतीयांश वेगाने जातो, म्हणजे एका मीटरला पाच नॅनोसेकंद, जाऊन-येऊन दहा. एवढ्या छोट्या वेळावर अंतर काढायचं, म्हणून पडद्यावर उत्तराशेजारी `+/- 2 meters` असं छापलेलं असतं. त्याच्याकडे दुर्लक्ष करू नका.

सिस्को कॅटॅलिस्टवर दोनच ओळी:

```
test cable-diagnostics tdr interface gigabitethernet 1/0/14
show cable-diagnostics tdr interface gigabitethernet 1/0/14
```

पहिली ओळ दिल्यावर दहा सेकंद थांबा, मग दुसरी द्या. घाई केली तर `Not Completed` दिसतं. बाकी कंपन्यांची भाषा वेगळी, पण गोष्ट तीच.

आता आजचा खरा मुद्दा. पीसी लावलेला ठेवून चाचणी घेऊ नका. पलीकडचं टोक भिंतीच्या आयओतून मोकळं करा. मग चांगल्या पेअरही टोकाला उघड्या होतात आणि आपली पूर्ण लांबी सांगतात, खराब पेअर त्याआधीच थांबते. मी शिपाईमामांना पंखा फुल करायला सांगितला, ताईंना दहा मिनिटं चहाला पाठवलं आणि चाचणी घेतली:

```
Local pair Pair length        Pair status
Pair A     60   +/- 2  meters Open
Pair B     59   +/- 2  meters Open
Pair C     43   +/- 2  meters Open
Pair D     60   +/- 2  meters Open
```

चारही `Open`, आणि घाबरायचं कारण नाही. आपण टोक काढलं होतं, तीन पेअर बरोबर बोलतायत. चौथी 43 वर अडते. सी म्हणजे 4-5, निळी. पंखा बंद करून परत घेतली तर तीही 60.

पण 43 मीटर जाऊन शोधायचं कुठे? स्विच मनात एक वेग धरून चालतो, आणि तुमची केबल तोच वेग पाळेल असं नाही. शिवाय पेअर पिळलेली असते, ती जॅकेटपेक्षा थोडी लांब. खरी लांबी केबलवरच लिहिलेली असते. दर मीटरला जॅकेटवर आकडा छापलेला असतो, तो आपण सगळे बघतो आणि कुणीच वाचत नाही. पॅच पॅनलपाशी आकडा 208 होता, आयओपाशी 263. म्हणजे भिंतीतली केबल 55 मीटर, अधिक रॅकमधली एक मीटरची पॅच कॉर्ड, एकूण 56. स्विचने सांगितलेले 60. मग स्विचच्या प्रत्येक मीटरला 56 भागिले 60 करा. 43 चे झाले 40. त्यातून पॅच कॉर्डचा एक मीटर गेला, उरले 39. 208 मध्ये 39 मिळवा, 247.

आता छत फोडायचं नाही, टेपही नको. केसिंगची पट्टी उघडायची आणि जॅकेटवरचा 247 शोधायचा. वळणं, झोळ, वर गुंडाळलेली दोन मीटर, सगळं त्या आकड्यात आधीच धरलेलं आहे. दोन मीटर इकडेतिकडे, म्हणजे 245 ते 249 एवढीच पट्टी. आकडे पॅनलकडून वाढतायत की कमी होतायत एवढं फक्त आधी बघून घ्या, नाहीतर पन्नास मीटर उलट्या बाजूला चालत जाल. मी गेलो होतो, पण तो वेगळा किस्सा.

पट्टी 244 पासून उघडली. 247 च्या जरा पुढे पंख्याच्या ब्रॅकेटचा स्क्रू आत आलेला. जॅकेटमध्ये शिरून निळ्यातली एकच तार तोडलेली, बाकी सातांना साधा ओरखडाही नाही. स्क्रू बसवणाऱ्याला मी दोष देत नाही, पट्टीत काय आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मर्यादा धावत सांगतो. फायबरच्या पोर्टवर हे चालत नाही. पहिल्या दोन-तीन मीटरमधल्या दोषाचा आकडा फारसा धरू नका, तिथे पॅच कॉर्ड बदलून पाहणं सोपं. केबल निकृष्ट आहे की पेअर एकमेकींत गोंगाट करतात, हे यात दिसत नाही, त्यामुळे ग्राहकाला सर्टिफिकेट म्हणून हे कागद देऊ नका. आणि बंद पडलेला पीसी लावलेला असताना घेतलेल्या उत्तरावर विश्वास ठेवू नका. काही कार्ड वीज नसताना 100 ओहम दाखवत नाहीत आणि चांगली केबलही तुटल्यासारखी वाटते.

दुरुस्ती? त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोर्टला `speed auto 10 100` दिलं, निळ्या पेअरची गरजच उरली नाही. कॅशच्या सॉफ्टवेअरला शंभर पुरून उरतं, ताईंना त्या दिवशी काही जाणवलंही नाही. रविवारी त्याच पट्टीतून नवी केबल ओढली, पंखा चार बोटं वर सरकवला आणि जाता जाता नव्या केबलची टोकं मोकळी करून एक चाचणी घेतली. ते चार आकडे आणि जॅकेटवरचे दोन आकडे रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवले आहेत. पुढच्या वेळी येणाऱ्याने, मी असो की तुम्ही, तिथून सुरुवात करायची.

(हो हो, थांबतो.) जुनी केबल कापताना तो तुकडा मी ठेवला. हा बघा, स्क्रूची जागा इथे, आकडा 247. पुढच्या रांगेपासून फिरवा. आणि परत द्या, घरी टेबलावर ठेवतो मी तो.