कोण आलं होतं?

नमस्कार, श्रोतेहो.

'जेवलीस का?' असं कुणी विचारलं तर या प्रश्नात 'तू' नाही, 'बाई' नाही, नाव नाही. तरी ऐकणाऱ्याला कळतं की विचारणं एकाच व्यक्तीला चाललंय, ती बाईमाणूस आहे आणि विचारणाऱ्याच्या जवळची आहे. 'ली'नं बाई सांगितली, 'स'नं 'तू' सांगितलं. कर्ता वाक्यात बसलेला नाही, पण क्रियापदाच्या शेपटीला चिकटून आलाय. आज बोलायचंय ते या शेपटीबद्दल.

अशा भाषांना भाषाशास्त्रात कर्ता गाळू देणाऱ्या भाषा म्हणतात. इटालियन हे त्यांचं नेहमीचं उदाहरण. बोलणे या क्रियापदाची वर्तमानकाळातली रूपं ऐका: पार्लो, पार्ली, पार्ला, पार्लियामो, पार्लाते, पार्लानो. मी, तू, तो किंवा ती, आम्ही, तुम्ही, ते. सहा जागा, सहा वेगळे शेवट. 'पार्लो' म्हटलं की 'मी' वेगळा म्हणायची गरज नाही. आपल्याला वाटतं की हे काहीतरी विशेष असेल. तसं नाही. जगातल्या भाषांच्या रचनांचा एक मोठा नकाशासंग्रह आहे. त्यात मॅथ्यू ड्रायर यांनी याच प्रश्नावर 711 भाषा पाहिल्या. त्यांतल्या 437 भाषा कर्त्याची खूण क्रियापदालाच लावतात. इंग्रजीसारखं सर्वनाम वाक्यात घालावंच लागतं, अशा भाषा निघाल्या फक्त 82. पुन्हा सांगतो, 711 पैकी 82. तेव्हा विचित्र आपण नाही, इंग्रजी आहे. शाळेत मात्र आम्हाला उलटं वाटायला लावलं होतं.

आता मराठी इटालियनइतकी स्वच्छ आहे का? नाही. आणि ती का नाही, हे मला माझ्या आजोळी एका चिठ्ठीनं शिकवलं. ही गोष्ट माझ्या मित्रांनी इतक्यांदा ऐकलीय की मी 'चिठ्ठी' म्हटलं की ते उठून पाणी प्यायला जातात. तुम्ही जाऊ नका.

आजोळ पुण्यात, कसब्यातल्या एका वाड्यात. आजोबा शाळेतून निवृत्त झालेले, आयुष्यभर मराठी व्याकरण शिकवलेले. घरात आजी, मामा, मामी आणि सुट्टीत आलेला मी. एका रविवारी आम्ही सगळे लग्नाला गेलो होतो. संध्याकाळी परत आलो तर ओट्यावर एक पितळी डबा आणि त्याखाली चिठ्ठी. शेजारच्या आजींकडे आमची किल्ली खिळ्याला टांगलेली असायची. त्या दुपारी झोपलेल्या, दार उघडं, त्यांना काही पत्ता नाही. चिठ्ठीवर सही नाही. मजकूर एवढाच:

'आलो होतो. कुलूप होतं. शेजारून किल्ली घेतली. डबा ओट्यावर ठेवलाय. भेटला असतास तर बरं झालं असतं. परवा येईन.'

डब्यात करंज्या. मी लगेच दोन खाल्ल्या. चिठ्ठीखाली सही न करणाऱ्या माणसांचं मला आजही नवल वाटतं. आता तर दुसऱ्याच्या फोनवरून निरोप धाडतात आणि वर 'ओळखलंस का' विचारतात. असो.

मामा म्हणाला, "'आलो' लिहिलंय. पुरुष आहे कुणीतरी."

आजोबांनी चष्मा लावला. "थांब. मी आलो, हे पुरुषाचं खरं. पण आम्ही आलो, हे कुणाचं? तुझ्या आईच्या पाच मैत्रिणी मिळून आल्या असत्या, तरी त्यांनी 'आलो'च लिहिलं असतं. तेव्हा एक पुरुष, नाहीतर कुणीही पुष्कळ जण."

मला वाटलं आपणही काही शोधून काढावं. मी म्हटलं, "पण पुढे 'घेतली' आहे. म्हणजे बाई!"

"ती 'ली' किल्लीची," आजोबा म्हणाले. "किल्ली घेतली, हार घेतला, कुलूप घेतलं. घेणारा कुणी का असेना. आणि 'ठेवलाय'मधला 'ला' डब्याचा. ही दोन क्रियापदं वस्तूंची साक्ष देतायत, माणसाची नाही."

आता इथे जरा थांबतो, कारण आजच्या बोलण्यातला कळीचा मुद्दा हाच आहे. मराठीत भूतकाळ आला आणि क्रियापद सकर्मक असलं, म्हणजे काहीतरी खाल्लं, घेतलं, ठेवलं, की शेपूट कर्त्याला सोडून कर्माला धरते. पुरुषाला विचारलं तरी प्रश्न 'पोळी खाल्लीस का?' असाच येणार, कारण 'ली' पोळीची. पण 'जेवलीस का?' मात्र बाईलाच विचारायचं, कारण जेवण्यात कर्म नाही आणि 'ली' तिची स्वतःची.

तर आजोबांनी पुढचा साक्षीदार बोलावला. "'भेटला असतास.' इथे 'स' आहे, म्हणजे 'तू'. 'भेटला' आहे, म्हणजे तो 'तू' पुरुष. घरात पुरुष तिघं. मला अरेतुरे करणारं आता कुणी उरलं नाही. हा नातू दहा वर्षांचा, त्याला कोण चिठ्ठी लिहितंय? म्हणजे चिठ्ठी तुला आहे." आणि त्यांनी मामाकडे पाहिलं.

मामीनंही पाहिलं.

"आणि शेवटचा शब्द सगळ्यात पक्का," आजोबा म्हणाले. "'येईन.' भविष्यकाळात गोंधळ नाही. येईन, येशील, येईल, येऊ, याल, येतील. सहा जागा, सहा रूपं. 'येईन' म्हणजे मी, एकटा. पुष्कळ जण असते तर 'येऊ' आलं असतं. म्हणजे 'आलो'मधले पुष्कळ जण बाद. राहिला एक पुरुष."

काय हिशेब होता पाहा! 'आलो' एकट्यानं एक की पुष्कळ ते सांगत नव्हता, 'येईन' एकट्यानं पुरुष की बाई ते सांगत नव्हता. दोन्ही एकत्र ठेवले आणि एक माणूस उभा राहिला: पुरुष, एकटा, मामाला अरेतुरे करणारा, परवा परत येणारा.

मामीनं त्या माणसाला लगेच नावही दिलं. मामाचा एक जुना मित्र होता, मामानं त्याच्याकडून उसने पैसे घेतल्याचा तिला संशय होता. "करंज्या घेऊन वसुलीला आलाय," ती म्हणाली. मामा शपथेवर नाही म्हणत होता. दोन दिवस घरात भांड्यांचे आवाज जरा मोठे येत होते. बाकी करंज्या उत्तम होत्या, सारण जायफळाचं. हल्ली विकतच्या करंज्यांत नुसती पिठीसाखर लागते आणि कुणी तक्रारही करत नाही.

परवाच्या दिवशी सकाळी कडी वाजली. मामीनं पदर खोचला आणि दार उघडलं. दारात आजीची मावसबहीण. लग्न करून कोल्हापूरला गेलेली, पन्नास वर्षं तिथलीच झालेली, पुण्यात भाचीकडे उतरली होती. ती पत्रं लिहायची नाही, थेट यायची, त्यामुळे तिचं अक्षर कुणालाच ओळखू आलं नव्हतं.

"मावशी, चिठ्ठी तू लिहिलीस?" मामा ओरडलाच.

"मग? आलो, कुलूप बघितलं, लिहून ठेवलं."

"पण 'आलो होतो' काय? 'आले होते' ना?"

मावशीनं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू पोरगं तापात बरळतंय. "आल्तो तर आल्तोच लिहिणार की!"

कोल्हापूरकडचे श्रोते आता हसत असतील. तिकडे बायका सर्रास 'मी आलो', 'मी जातो', 'मी करतो' म्हणतात. प्रथमपुरुषात तिथे बाई-पुरुष हा फरक कित्येकींच्या बोलण्यात क्रियापदावर येतच नाही. आजोबांचा हिशेब अचूक होता, पण तो पुण्याच्या रूपांवर मांडलेला होता आणि रूपं कोल्हापूरची होती. उलट मुंबईत, विदर्भात अनेक जणी 'मी आली', 'मी गेली' म्हणतात. तिथे बाई कळते, पण 'मी' आणि 'ती' एक होऊन जातात. म्हणजे कोणती शेपूट काय सांगते, हे गावागणिक ठरतं. आजोबा त्या दिवशी फार बोलले नाहीत. मामीनं मात्र मावशीला तीन वेळा चहा दिला.

वेळ संपत आली, तेव्हा उरलेलं भरभर सांगतो. 'चहा केला' घ्या. कुणी केला? मी, आम्ही, त्यानं, तिनं, त्यांनी. पाचही ठिकाणी 'केला'च, कारण 'ला' चहाचा. शेपटीनं हात वर केलेत. तरी आपण कर्ता गाळतोच. 'आई बाजारातून आली. चहा केला.' चहा आईनंच केला, कुणाला शंका येत नाही. कारण मागच्या वाक्याची मालकीण तीच आणि गाळलेली जागा आधी तिच्याकडेच जाते. आता सर्वनाम घालून पाहा. 'आईनं शोभाला हाक मारली. तिनं चहा केला.' माझ्या कानाला हा चहा शोभानं केलाय. इटालियन वाचकांवर असेच प्रयोग मारिया नेल्ला कार्मिनाती यांनी केले. 2002 मधल्या त्यांच्या प्रबंधात कल हाच दिसतो: गाळलेला कर्ता मागच्या कर्त्याकडे वळतो, उच्चारलेलं सर्वनाम दुसऱ्याकडे. म्हणून डबिंग केलेल्या मालिकांत पात्रं प्रत्येक वाक्यात 'मी' आणि 'ती' पेरतात तेव्हा गोंधळ कमी होत नाही, वाढतो. चिनी आणि जपानीत तर क्रियापद व्यक्तीप्रमाणे बदलतच नाही, तरी कर्ता गळतो. तिथे सगळा भार मागच्या बोलण्यावर.

शेपूट झिजली तर काय होतं, ते फ्रेंचमध्ये दिसतं. लिहिताना 'बोलणे' या क्रियापदाच्या रूपांचे शेवट वेगवेगळे आहेत, पण उच्चारात मी, तू, तो आणि ते यांची रूपं एकच ऐकू येतात, 'पार्ल'. जुनी फ्रेंच कर्ता गाळायची, आजच्या फ्रेंचला सर्वनाम लागतंच. दोन्ही गोष्टींचं नातं इतकं सरळ नाही, असं म्हणणारे अभ्यासकही आहेत. पण मला घरातच एक लहानसा नमुना रोज ऐकू येतो. नव्या पिढीची बरीच मुलं तो 'स' सोडून देतात. 'पोळी खाल्लीस का?' ऐवजी 'पोळी खाल्ली का?' जेवणाच्या टेबलाशी चार जण बसलेले असले की या प्रश्नावर कुणीच मान वर करत नाही. 'ली' पोळीची, 'स' गेला, उरलं कोण? मग विचारणाऱ्याला पुन्हा म्हणावं लागतं, "अरे, तू! तू खाल्ली का?"

नमस्कार.