चांगला सिबिल स्कोअर असताना गृहकर्जाचा दर कुठे आणि कसा कमी करून घ्यावा?

नमस्कार. बडोद्यातून आपल्या सर्वांचे स्वागत. मागच्या व्हिडिओखाली सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न असा होता की, "ताई, माझा स्कोअर ७८० च्या वर आहे, तरी बँकेचे अधिकारी म्हणतात की दर सिस्टममधूनच येतो, मग त्या स्कोअरचा उपयोग काय?" आज फक्त याच प्रश्नाचे उत्तर देणार आहे, आणि तेही बँकेच्या गृहकर्जापुरते.

प्राथमिक गोष्टी पटकन उरकते. स्कोअर ३०० ते ९०० या दरम्यान असतो. आपल्याकडे चार पतमाहिती संस्था आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. आपण स्वतः अहवाल पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही, हे मी यापूर्वीही सांगितले आहे आणि तरीही प्रत्येक व्हिडिओखाली कोणीतरी ते विचारतेच. जे टाळायचे ते वेगळे आहे: एकाच आठवड्यात पाच बँकांना अर्ज देऊन प्रत्येकीला चौकशी करू देणे. अहवाल हातात घेऊन आधी दोनच ठिकाणी बोलावे.

आता मुख्य मुद्दा. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे बाह्य मानदंडाशी जोडलेली असतात आणि बहुतेक बँकांसाठी तो मानदंड म्हणजे रिझर्व्ह बँकेचा रेपो दर. आपला व्याजदर म्हणजे रेपो अधिक स्प्रेड. रेपोवर आपले किंवा शाखाधिकाऱ्यांचे काहीही चालत नाही. स्प्रेड मात्र बँक ठरवते, आणि त्यातला एक भाग आपल्या पतजोखमीचा असतो. स्कोअरचा जोर लागतो तो नेमका याच भागावर. म्हणून बँकेत "दर कमी करा" असे मोघम बोलू नये. "माझ्या स्कोअरच्या गटाला आपला स्प्रेड किती आहे आणि मला लावलेला स्प्रेड किती आहे?" असे विचारावे.

यावर हमखास येणारी प्रतिक्रिया म्हणजे, "रेपो उतरला की माझाही दर उतरेल, मग आत्ता घासाघीस कशाला?" मला स्पष्टच सांगायचे आहे की हा युक्तिवाद ऐकून मी थकले आहे. रेपो उतरला की आपला दर उतरेल, तसाच आपल्या शेजाऱ्याचाही उतरेल, आणि त्याचा स्प्रेड आपल्यापेक्षा पाव टक्क्याने कमी असेल तर तो पाव टक्का पुढेही तसाच राहील.

हेच दुसऱ्या बाजूने पाहू. करारावर सही झाल्यानंतर पतजोखमीचा भाग सहसा तेव्हाच बदलतो, जेव्हा आपल्या पतमूल्यांकनात करारात लिहिल्याप्रमाणे मोठा बदल होतो. स्प्रेडचे इतर घटक तीन वर्षांतून एकदाच बदलता येत असत. १ ऑक्टोबर २०२५ पासून बँकांना ते त्याआधीही कमी करण्याची मुभा मिळाली आहे, परंतु मुभा म्हणजे बंधन नव्हे. शिवाय जुन्या ग्राहकाने दर कमी करून मागितला की अनेक बँका त्यासाठी रूपांतर शुल्क घेतात. सहीपूर्वी जे मागण्यासाठी केवळ तोंड उघडावे लागते, त्यासाठी नंतर पैसे मोजावे लागतात.

आणि तिसरी बाजू आकड्यांची. माझ्या मावसबहिणीने २०२५ च्या ऑगस्टमध्ये मांजलपूरमधील सदनिकेसाठी ४० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी घेतले. तेव्हा रेपो ५.५० टक्के होता. पहिल्या बँकेने स्प्रेड २.७५ लावला, म्हणजे दर ८.२५ आणि हप्ता सुमारे ३४,०८३ रुपये. तिचा स्कोअर त्या बँकेच्या दरपत्रकातील वरच्या गटात बसत होता. अधिकाऱ्यांनी तिचा दर मात्र सहकर्जदार असलेल्या यजमानांच्या स्कोअरवरून, एक गट खालचा काढला होता. काही बँका दोघांपैकी कमी स्कोअर धरतात, काही जास्त धरतात, म्हणून हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारून घ्यावा.

तिने वाद घातला नाही. दुसऱ्या बँकेकडून २.५० स्प्रेडचे मंजुरीपत्र आणि त्यासोबतचे की फॅक्ट स्टेटमेंट घेतले. हे विवरणपत्र ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी बंधनकारक आहे आणि ते किमान तीन कामकाजाचे दिवस वैध असते. घासाघीस करण्याची खरी मुदत हीच. तोंडी सांगितलेल्या दराला शाखेत कोणी विचारत नाही. क्रमांक असलेला कागद मात्र अधिकाऱ्यांना सवलतीच्या प्रस्तावासोबत वरच्या कार्यालयात पाठवता येतो. "दर सिस्टममधून येतो" हे बहुधा खरेच असते, कारण शाखेच्या हातात तो अधिकार नसतो. म्हणून शाखाधिकाऱ्यांवर चिडण्यापेक्षा, प्रस्ताव पाठवण्याची लेखी विनंती करावी. दोन दिवसांनी पहिली बँक ८.०० टक्क्यांवर आली. हप्ता ३३,४५८ झाला, म्हणजे दरमहा ६२५ रुपये कमी, आणि दर असेच राहिले असे धरले तर २४० हप्त्यांत दीड लाख.

मात्र त्याच कागदांत ८० हजार रुपयांचा एकरकमी विमा कर्जात मिळवलेला होता. ४० लाख ८० हजारांवर ८ टक्क्यांनी हप्ता येतो सुमारे ३४,१२७ रुपये, म्हणजे सवलत मिळण्यापूर्वीच्या हप्त्यापेक्षाही ४४ रुपये जास्त! विमा घेऊ नये असे मी म्हणत नाही. परंतु तो आपल्या निवडीच्या कंपनीकडून स्वतंत्रपणे घेता येतो. अशी अदलाबदल ओळखण्यासाठी विवरणपत्रातील वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर, पाहावा. प्रक्रिया शुल्क आणि बँकेमार्फत वसूल होणारा विमा त्यात मोजलेला असतो. व्याजदर उतरला आणि एपीआर जागच्या जागी राहिला, तर सवलत दुसऱ्या खिशातून परत घेतली गेली आहे असे समजावे. तिने विमा काढून टाकायला सांगितले, नवे विवरणपत्र घेतले, आणि सहीच्या दिवशी करारातील स्प्रेड मंजुरीपत्राशी ताडून पाहिला.

दांडिया बाजारातून एका काकांनी विचारले आहे की स्कोअर ८५० असेल तर आणखी खाली जाता येईल का. सहसा नाही. दरपत्रकातील सर्वांत वरचा गट गाठल्यानंतर पुढच्या गुणांना वेगळा दर नसतो. तिथून पुढे घराच्या किमतीच्या तुलनेत कर्ज किती आणि पगारातून आधीचे किती हप्ते जातात यांवर बोलणे होते. उलट ज्यांचा स्कोअर एखाद्या गटाच्या उंबरठ्याखाली चार-पाच गुणांनी अडला आहे, त्यांनी क्रेडिट कार्डाची थकबाकी आधी उतरवावी, ती नोंद अहवालात आल्याची खात्री करावी आणि मगच अर्ज द्यावा. जानेवारी २०२५ पासून बँका ही माहिती दर पंधरवड्याला पाठवतात, त्यामुळे फार दिवस थांबावे लागत नाही.

गृहवित्त कंपनीकडून कर्ज घेणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की बाह्य मानदंडाचा नियम बँकांसाठी आहे. या कंपन्या बहुधा स्वतःच्या मूळ दरापासून हिशेब करतात, म्हणून तिथे मूळ दर कोण आणि कधी बदलतो हे करारात वाचूनच सवलतीचे बोलणे सुरू करावे.