कॅमेऱ्याचा सातबारा

लातूरच्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन

पत्रिकेत विषय लिहिलाय ‘स्मार्ट स्पीकर आणि घरातले कॅमेरे’. त्या क्रमानं बोलायचं ठरवून आलो होतो, पण आत येताना दारावरचा कॅमेरा दिसला आणि क्रम बदलला. आधी कॅमेरा घेतो.

आपण जमीन घेताना काय करतो? सातबारा बघतो, फेरफार बघतो, तलाठ्याकडं दोन हेलपाटे घालतो. कॅमेरा घेताना मात्र बिल आपल्या नावावर असलं की वस्तू आपली झाली असं समजतो. वायफाय कॅमेऱ्याचं तसं नसतं. ज्याच्या मोबाइलवरून पहिल्यांदा तो सुरू केला, त्याच्या खात्याला तो बांधला जातो. तो त्याचा मालक. बाकी सगळे पाहुणे.

हे मला कसं कळलं ते सांगतो, थोडा वेळ लागेल. आमचं घर उदगीरला. आई तिथं एकटी असते, वय चौऱ्याहत्तर. मी इथं, धाकटा भाऊ पुण्याला. आई पडली-झडली तर कळावं म्हणून ओसरीत कॅमेरा लावला. दुकानातला पोरगा आला, पाऊण तासात काम उरकून गेला. आईकडं बटणांचा फोन, त्यात ॲप चालत नाही. मी त्या दिवशी लातूरला. त्यानं स्वतःच्या मोबाइलवर ॲप उघडलं, कॅमेऱ्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला, आमच्या वायफायचा पासवर्ड टाकला आणि मला अन् भावाला ‘शेअर’ केलं. आम्हाला चित्र दिसलं, आम्ही खूश.

दीड वर्षानं घरी फायबरचं कनेक्शन घेतलं. राउटर नवा, पासवर्ड नवा, कॅमेरा बंद पडला. मी उदगीरला जाऊन पुन्हा जोडायला बसलो, तर ॲप म्हणतं, हे उपकरण दुसऱ्या खात्याला जोडलेलं आहे. खाली एक मोबाइल नंबर, मधले आकडे चांदण्यांनी झाकलेले, शेवटचे दोन दिसत होते. ते माझे नव्हते, भावाचेही नव्हते.

म्हणजे दीड वर्ष माझ्या आईची ओसरी त्या पोराच्या खिशात होती. त्यानं बघितलंच असं मी म्हणत नाही. मी फोन केला, तोवर त्यानं ते दुकानही सोडलं होतं. पण बघायचं की नाही हे त्याच्या मनावर होतं, याचा राग मला अजून आहे.

आणि याच्याही आधीची एक गोष्ट माझ्या जास्त जिव्हारी लागलेली आहे. आई दुपारी शेजारच्या काकूंबरोबर ओसरीत शेंगा फोडत बसायची. एक दिवस भावाचा फोन आला, “आई, गुडघा एवढा दुखतोय तर मला का सांगितलं नाहीस?” आई दोन मिनिटं गप्प. मग मला म्हणाली, “आरं, ह्याच्यात ऐकू बी येतंय व्हय? मला वाटलं निस्तं दिसतंय.” त्या दिवसापासून शेंगांचं सूप मागच्या अंगणात गेलं, ऐन उन्हात. तिची बसायची जागा आम्ही घेतली, तीही काळजीपोटी. बहुतेक घरगुती वायफाय कॅमेऱ्यांत माइक असतो आणि तो आधीपासून चालू असतो. घरातल्या माणसाला हे कोणी सांगत नाही.

आता दुरुस्ती. मूळ खातेदारानं आपल्या ॲपमधून ते उपकरण काढून टाकायला हवं. नुसतं रीसेटचं बटण दाबून धरलं तर वायफायची माहिती पुसते, पण बऱ्याच कंपन्यांत मालकी त्यांच्या सर्व्हरवर नोंदलेली असते, ती पुसत नाही. फेरफार झाल्याशिवाय नाव बदलत नाही, तसंच. त्या पोराला शोधून काढला, त्यानं माझ्यासमोर काढून टाकलं. मग रीसेट केलं आणि माझ्या खात्यावर जोडलं. तुमच्या घरी तपासायचं असेल तर ॲपमध्ये त्या कॅमेऱ्याची सेटिंग उघडा. तिथं ‘शेअर्ड’ असं लिहिलेलं असेल किंवा दुसऱ्याला शेअर करायचा पर्यायच दिसत नसेल, तर तुम्ही पाहुणे आहात.

दुसरं काम माइकचं. सेटिंगमध्ये आवाज रेकॉर्ड करण्याचा वेगळा खटका असतो, तो बंद करा. मग कॅमेऱ्यासमोर चार वाक्यं बोला आणि ती चित्रफीत परत लावून ऐका. कान देऊन खात्री करा, खटक्यावर विसंबू नका.

चित्र साठतं कुठं? दोन जागी. कॅमेऱ्यातल्या कार्डात, आणि तुम्ही पैसे भरले असतील तर कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे क्लाउडवर. कार्डाचा हिशोब सोपा आहे. सेकंदाला एक मेगाबिट या दरानं चित्र साठत असेल तर दिवसाला १०.८ जीबी लागतात. १२८ जीबीचं कार्ड साधारण अकरा-बारा दिवसांत भरतं आणि जुन्यावर नवं लिहिलं जातं. घरच्या वापराला एवढं पुष्कळ झालं. पण बऱ्याच कॅमेऱ्यांचं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं की सगळं उघडं दिसतं. म्हणून कॅमेरा विकताना किंवा दुरुस्तीला देताना आधी कार्ड काढून घ्या. आणि क्लाउड घेतला नाही म्हणजे बाहेर काहीच जात नाही असंही नाही. तुम्ही पुण्यात बसून उदगीरची ओसरी बघता, तेव्हा थेट जोडणी जमली नाही तर चित्र कंपनीच्या सर्व्हरवरूनच फिरून येतं.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. स्पीकरचं भरभर सांगतो.

स्पीकर सतत ऐकतो, हे खरं आहे. पण सतत पाठवत नाही. शेवटचे काही सेकंद तो आपल्यापाशी धरतो, त्यात हाकेचा शब्द, म्हणजे आपण त्याला ज्या नावानं बोलावतो ते नाव शोधतो, सापडलं नाही तर पुसतो. सापडलं की दिवा लागतो आणि पुढचं बोलणं कंपनीच्या सर्व्हरवर जातं. घोटाळा होतो चुकीच्या हाकेनं. आमच्याकडं “पाहुणे आले का सांग” म्हणालो आणि ॲमेझॉनच्या अलेक्सा स्पीकरचा निळा दिवा लागला. त्या चुकीच्या हाकाही इतिहासात साठतात. अलेक्साच्या ॲपमध्ये More, मग Alexa Privacy, मग Review Voice History उघडा आणि घरात बसून ऐका. तिथंच Manage Your Alexa Data मध्ये रेकॉर्डिंग किती दिवस ठेवायचं ते ठरवता येतं. न ठेवण्याचा पर्याय निवडला तरी बोलणं सर्व्हरवर जातंच, फक्त आवाज नंतर जपून ठेवला जात नाही.

हे किरकोळ नाही. २०२३ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं मुलांच्या आवाजाच्या नोंदी जपून ठेवल्याचा आरोप अलेक्सावर ठेवला आणि ॲमेझॉननं अडीच कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. त्याच वेळी त्यांच्याच रिंग कॅमेऱ्यांबद्दल, कर्मचारी ग्राहकांच्या घरातली चित्रं बघत होते असा आरोप होता.

स्पीकरवरचं माइकचं बटण दाबलं की लाल दिवा लागतो, तेव्हा तो ऐकत नाही. पाहुणे आले, पैशाचं बोलणं निघालं, डॉक्टरांचा फोन आला की दाबा.

मागचे काका विचारताहेत, आईच्या कॅमेऱ्याचं काय केलं. तो आता ओसरीत नाही. दाराच्या चौकटीवर, रस्त्याकडं तोंड करून लावलाय, माइक बंद. शेंगांचं सूप परत ओसरीत आलंय.