दिसतोय की तुमचा टॉवर!

(सांगलीतल्या एका वाचनालयाच्या मासिक व्याख्यानमालेतलं भाषण. बोलण्यातले काही तुकडे गाळून, थोडं सरळ करून.)

बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय 'फ्रेस्नेल झोन' असा लिहिलाय. लिहिणाऱ्याची चूक नाही, स्पेलिंग तसंच आहे. पण त्यातला स मुका आहे. म्हणायचं फ्रेनेल. हा ओगुस्तँ फ्रेनेल पेशाने सरकारी रस्ते-पुलांचा इंजिनिअर, म्हणजे आपल्या भाषेत पीडब्ल्यूडीचा माणूस. जन्म 1788 चा, गेला 1827 ला, पुरती चाळिशीही गाठली नाही. रस्त्यांच्या कामातून वेळ काढून त्याने प्रकाश ही लाट आहे याचं गणित मांडलं. पीडब्ल्यूडीवर हसताय ते ठीक आहे, पण पुढच्या वेळी खड्ड्यात गाडी आदळली की हा माणूस आठवा.

आज मी एका गोदामाची, एका पत्र्याच्या शेडची आणि माझ्या फजितीची गोष्ट सांगणार आहे. त्यात जमलं तर विषयही येईल.

विश्रामबागेत एका पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून तासगाव रस्त्यावरच्या एका बेदाण्याच्या शीतगृहाला आम्ही इंटरनेट दिलं होतं. अंतर सहा किलोमीटर. दोन्ही टोकांना पाच पूर्णांक आठ गिगाहर्ट्झची डिश, एकमेकींकडे तोंड करून. माझी पद्धत सगळ्या सांगलीला ठाऊक होती. गच्चीवर चढायचं, दुर्बीण लावायची, समोरच्या पोराला लाल फडकं हलवायला सांगायचं. फडकं दिसलं की मी म्हणायचो, "दिसतंय ना? मग चालतंय!" हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येक पोराला मी हेच शिकवलं.

वर्षभर छान चाललं. सिग्नल उणे 63 डीबीएम. हा आकडा जितका खाली, म्हणजे उणे सत्तरकडे, तितकं दुबळं. सहा अंकांनी, म्हणजे सहा डेसिबलने, खाली गेला की ताकद पाव उरली असं समजा. एके दिवशी शीतगृहातून फोन, कॅमेरे अडकतायत, गाड्यांची बिलं निघेनात. बघतो तर उणे 69. आता पुढचे पंधरा दिवस मी काय केलं ते ऐका. केबल बदलली. अ‍ॅडॉप्टर बदलला. डिश चार वेळा इकडेतिकडे फिरवून नेमली. रेडिओ बदलला, नवा, खिशातून पैसे घालून. जुना रेडिओ अजून घरी माळ्यावर आहे, ठणठणीत. आमच्या सौभाग्यवती दर दिवाळीच्या साफसफाईला त्याची विचारपूस करतात.

मग एका संध्याकाळी सहज दुर्बीण लावली. शीतगृह दिसतंय, डिश दिसतेय, सगळं लख्ख. फक्त मध्ये, साधारण दोन किलोमीटरवर, एका घराच्या गच्चीवर निळं पत्र्याचं शेड उभं राहिलेलं. आपल्याकडे गच्ची रिकामी ठेवणं म्हणजे पाप. शेडची वरची कड आमच्या डिशच्या जेमतेम खाली दिसत होती.

गेलो त्यांच्या घरी. काका निवृत्त, स्वभावाने गोड, पण पक्के सांगलीकर. मी म्हटलं, "काका, तुमच्या शेडमुळे आमचं नेट अडतंय." त्यांनी मला हाताला धरून वर नेलं. स्टुलावर उभं केलं. एका बाजूला बोट केलं, "हा तुमचा टॉवर. दिसतोय की!" दुसऱ्या बाजूला बोट केलं, "हे तुमचं गोदाम. दिसतंय की! मग मी कुठं आडवा आलो वो?"

मला उत्तर देता येईना. कारण 'दिसतंय म्हणजे चालतंय' हा माझाच सिद्धान्त. काकांनी चहा पाजला, वर भडंगाची पुडी दिली. पराभूत माणसाचा इतका सत्कार मी दुसरीकडे पाहिला नाही.

आता काका कुठं चुकले आणि मी कुठं चुकलो, ते एका दोरीवर सांगतो. सहा किलोमीटरची दोरी घ्या, दोन खांबांना अगदी ताठ बांधा. आता तिची लांबी फक्त अडीच सेंटिमीटरने वाढवा. अंगठ्याच्या रुंदीएवढी ढील. मग मधोमध धरून ती किती वर उचलता येईल? करा अंदाज. (सभागृहातून: 'एक फूट', 'वीतभर'.) जवळजवळ पावणेनऊ मीटर! तीन मजले. पायथागोरसने ताळा करून बघा, घरी गेल्यावर.

ही अडीच सेंटिमीटरची ढील मी उगाच नाही घेतली. आमच्या रेडिओच्या लाटेची लांबी सुमारे पाच सेंटिमीटर, तिची ही निम्मी. लाट काही दोरीसारखी एकाच रेषेतून जात नाही. ती पसरून, असंख्य वाटांनी पलीकडे पोहोचते आणि तिथे सगळ्या वाटांची बेरीज होते. ज्या वाटेचा वळसा अर्ध्या लाटेपेक्षा कमी, ती सरळ वाटेला मदत करते. अशा सगळ्या मदत करणाऱ्या वाटा एकत्र काढल्या की दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये फुगलेला लांबट आकार होतो. पडवळ म्हणा. हाच पहिला फ्रेनेल झोन. तो रेषेच्या खालीच नाही, वर आणि दोन्ही बाजूंनाही असतो. शेजारी उभी राहिलेली उंच इमारतही म्हणूनच त्यात घुसू शकते.

डोळ्याला हे कळत नाही, कारण प्रकाशाची लाट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही आखूड. त्याचं पडवळ सहा किलोमीटरलाही काही सेंटिमीटरांचं. काकांच्या डोळ्याला फट पुरेशी होती, माझ्या रेडिओला नव्हती.

इथे एक फ्रेनेलची गोष्ट सांगायलाच हवी. त्याने आपला निबंध पॅरिसच्या अकादमीच्या स्पर्धेला पाठवला. परीक्षकांत प्वासाँ होता, लाटेच्या सिद्धान्ताचा विरोधक. तो म्हणाला, हे गणित खरं मानलं तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यभागी उजेडाचा ठिपका दिसायला हवा, म्हणजे हे हास्यास्पद आहे. दुसरा परीक्षक आरागो, त्याने प्रयोगच करून पाहिला. ठिपका दिसला. 1819 ला बक्षीस फ्रेनेलला मिळालं. मला हे काकांच्या शेडच्या आधी माहीत असतं तर रेडिओचे पैसे वाचले असते.

(अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. म्हणजे ज्यासाठी तुम्ही आलात ते आता पळत सांगतो.)

हिशेब असा. अडथळ्याच्या दोन्हीकडची अंतरं मीटरमध्ये घ्या. त्यांचा गुणाकार, त्याला लाटेच्या लांबीने गुणा, एकूण अंतराने भागा, वर्गमूळ काढा. तिथली पडवळाची त्रिज्या आली. आमच्याकडे दोन हजार, चार हजार, लाट 0.0517 मीटर, एकूण सहा हजार: उत्तर 8.3 मीटर. सगळं मोकळं लागत नाही, साठ टक्के मोकळं असलं की तोटा जवळपास शून्य. म्हणजे रेषेखाली पाच मीटर हवेत. शेडच्या आधी चार होते, तोटा डेसिबलभर. साडेतीन मीटरचं शेड आलं आणि उरला अर्धा मीटर. रेषा कडेला अगदी घासून गेली तर अर्धी लाट झाकली जाते आणि सहा डेसिबल जातात. अर्ध्या मीटरला पाचाच्या वर, आधीच्या एकासकट. म्हणजे पूर्ण मोकळ्या वाटेच्या उणे 62 वरून कागदावर उणे 67-68 यायला हवं होतं, आलं 69. शेडची कड सुरीसारखी पातळ नसते, त्यामुळे थोडं जास्त जातं.

ओळखायचं कसं? बसवायच्या आधीच सिग्नल किती यायला हवा ते काढून वहीत लिहा. आमच्याकडे तो उणे 62 होता. सिग्नल छान पण वेग नाही, तर शेजारच्या रेडिओचा गोंगाट. पाऊस पडला की घसरतो आणि उन्हात सुधारतो, तर कनेक्टरमध्ये पाणी. वीस-एक डेसिबल कमी, तर डिश मुख्य झोताऐवजी बाजूच्या झोतावर नेमली गेलीय. आणि पाच-सहा डेसिबलने कायमचा कमी, दोन्ही दिशांनी सारखाच, डिश कशीही फिरवली तरी हलत नाही, तर वाटेत काहीतरी पडवळ खातंय. अरुंद झोताची मोठी डिश लावून पडवळ बारीक होत नाही, ते फक्त लाटेच्या लांबीवर आणि अंतरावर ठरतं. त्यामुळे दोन पूर्णांक चार गिगाहर्ट्झ घेतलं तर आणखी फुगतं, मध्यभागी पावणेचौदा मीटर.

उपाय. शेडपाशी रेषा साडेचार मीटर वर हवी. सांगलीकडचं टोक जितकं उचलाल त्याच्या दोनतृतीयांश तिथे मिळतं, शीतगृहाकडचं उचललं तर एकतृतीयांश. जवळचं टोक उचलणं स्वस्त. जीआय पाइप मिळतोच सहा मीटरचा, वीस फुटी. तो अख्खा उभा केला, तीन बाजूंनी ताण दिले, चार मीटर मिळाले. शीतगृहावर दीड मीटर वाढवलं, अर्धा मिळाला. सिग्नल उणे 62.

हौसेने त्याहून उंच जाऊ नका. पुराचं पाणी शेतात पसरतं तेव्हा ते आरसा होतं. त्यावरून परतलेली लाट उलटते आणि तिचा वळसा बरोबर एक लाटेएवढा असला तर सरळ लाटेला मारते. आमच्या अंतराला ते मध्यभागी पाण्यापासून सव्वाबारा-साडेबारा मीटर उंचीवर होतं.

आणि स्वतःची गच्ची विसरू नका. पाण्याच्या टाकीला डिश बांधली आणि कठडा दहा मीटर पुढे असला तर तिथे पडवळ पाऊण मीटरचं. कठड्याच्या वर निदान 45 सेंटिमीटर मोकळे ठेवा, नाहीतर सरळ कठड्यापाशी बसवा. साड्या वाळत घालायची दोरी तिच्यासमोरून काढा, ओली साडी भिंतीसारखी अडवते.

काकांचा गेल्या महिन्यात फोन आला. म्हणाले, "शेडवर सोलार घालतोय. किती उंच चालंल तेवढं आधी सांगा, परत चहा पाजायला लावू नका." पॅनेलची वरची कड शेडपेक्षा मीटरभर वर येणार होती. पाचातून चार उरतात, एक डेसिबल जातं. म्हटलं, बसवा.