रक्त पातळ करायची गोळी चालू असताना दाढ काढायची तर

(ठाण्यात नौपाड्यातल्या ज्येष्ठ नागरिकांसमोर एका डेंटिस्टने केलेल्या बोलण्यातून)

नमस्कार मंडळी. आज एकाच पेशंटबद्दल बोलते, कळव्याच्या एक काकू, वय बासष्ट, हृदयाची मायट्रल व्हॉल्व्ह बदललेली, मेटलची, त्यामुळे एसिट्रोम ही रक्त पातळ करायची गोळी रोज चालू आणि आयुष्यभर चालूच राहणार. खालची डावी दाढ पार किडलेली, वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आल्या आणि पहिलं वाक्य हेच, डॉक्टर, मी गोळी दोन दिवस बंद केलीय, आता काढून टाका.

हे ऐकलं की मला खरंच भीती वाटते. दाढेच्या खड्ड्यातून रक्त आलं तर मी तिथे बोट ठेवून दाबू शकते, टाका घालू शकते, ते माझ्या डोळ्यासमोर असतं. पण गोळी बंद केल्यावर व्हॉल्व्हवर गुठळी झाली, किंवा ती सुटून मेंदूत गेली, तर तिथे बोट कसं ठेवणार? म्हणून ही गोळी दाढेसाठी सहसा बंद करत नाहीत, आणि पेशंटने आपल्या मनाने तर कधीच नाही.

मग आम्ही बघतो काय, तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी रक्ताची तपासणी, आकडा जितका मोठा तितकं रक्त पातळ. गोळी न घेणाऱ्या माणसाचा तो साधारण 1 असतो, काकूंसारख्या व्हॉल्व्हला 2.5 ते 3.5 च्या आसपास ठेवतात, आणि 4 च्या खाली असेल तर साधी दाढ गोळी चालू ठेवूनच काढता येते. रिपोर्ट 24 तासांच्या आतला हवा, आयएनआर नेहमी स्थिर असेल तर 72 तासांपर्यंतचा चालतो, महिन्यापूर्वीचा कागद उपयोगाचा नाही.

काकूंचा आला 4.6. दोन दिवस गोळी बंद असूनही! खोदून विचारलं तेव्हा कळलं की दाढ दुखते म्हणून आधीचे पाच दिवस मेडिकलमधून मेट्रोनिडाझोल नावाचं अँटिबायोटिक आणून खात होत्या. हे औषध लिव्हरमध्ये एसिट्रोमचा निचरा अडवतं, म्हणून गोळी तेवढीच असली तरी तिचा जोर वाढतो. तोंडातल्या फंगससाठी लावतात ते मायकोनाझोलचं जेलसुद्धा हेच करतं, नुसतं लावायचं म्हणून त्याला साधं समजू नका.

त्या दिवशी दाढ काढली नाही. मेट्रोनिडाझोल थांबवलं, त्यांच्या कार्डिओलॉजिस्टशी फोनवर बोलले, एसिट्रोम पुन्हा कधी आणि किती हे त्यांनीच ठरवलं, दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल, कारण डायक्लोफिनॅक आणि आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढतो. पुढच्या आठवड्यात आयएनआर 2.9 आला, मग काढली. सोमवारी सकाळी बोलावलं, मुद्दाम, म्हणजे काही झालंच तर दिवसभर क्लिनिक उघडं आणि पुढचे दिवसही हाताशी. कृत्रिम व्हॉल्व्ह म्हणून तासभर आधी अमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम, तेही इन्फेक्शन व्हॉल्व्हपर्यंत जाऊ नये म्हणून. दाढ एकच काढली, शेजारचं मूळही खराब होतं पण ते नंतर.

काढल्यावर खड्ड्यात जिलेटिनचा स्पंज ठेवला, वर टाके घातले, आणि ट्रॅनेक्झामिक अॅसिडच्या इंजेक्शनच्या औषधात भिजवलेला गॉज अर्धा तास चावून धरायला लावला. हे औषध का, तर लाळेत गुठळी विरघळवणारे घटक असतात, म्हणून तोंडातली गुठळी हातावरच्या जखमेपेक्षा लवकर सुटते, आणि ट्रॅनेक्झामिक नेमकं ते विरघळणं रोखतं. अर्धा तास झाल्यावर मी स्वतः बघितलं, रक्त थांबलं होतं, तेव्हाच घरी सोडलं. त्या दिवशीची एसिट्रोम नेहमीच्या वेळी घ्यायला सांगितली.

घरी काय बघायचं ते त्यांच्या सुनेला समजावलं. लाळ गुलाबी दिसणं पहिल्या दिवशी ठीक आहे, तोंडात थुंकी थोडी आणि रक्त जास्त असं वाटतं पण तसं नसतं. तोंड लालभडक रक्ताने पुन्हा पुन्हा भरत असेल, किंवा खड्ड्यावर काळपट जेलीसारखा गोळा उभा राहिला आणि त्याच्या कडेने रक्त झिरपतंय, तर तो गोळा स्वच्छ गॉजने पुसून टाकायचा आणि नवा गॉज अर्धा तास न काढता दाबून धरायचा, दर पाच मिनिटांनी उघडून बघितलं की गुठळी जमतच नाही. तरी थांबलं नाही तर लगेच फोन, रात्र असेल तर सरळ हॉस्पिटल. चोवीस तास चूळ भरायची नाही, जोरात थुंकायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही.

काकूंना रात्री थोडं झिरपलं, सुनेने दाबलं, थांबलं.

शेवटी एका आजोबांनी विचारलं, माझी गोळी अपिक्साबान आहे, माझा आयएनआर किती हवा? तुमची गोळीही रक्त पातळच करते आजोबा, पण तिला आयएनआर बघून काही कळत नाही. एखाददुसरा दात साधेपणाने काढायचा असेल तर सहसा डोस चुकवत नाहीत, एकदम तीनपेक्षा जास्त काढायचे असले किंवा हाड कापायचं असलं तर बहुधा फक्त त्या सकाळचा डोस सोडतात आणि संध्याकाळचा नेहमीप्रमाणे घेतात, पण ते तुमचे डॉक्टर आणि डेंटिस्ट बोलून ठरवतील, किडनीचा रिपोर्ट बरोबर घेऊन या.