रागावलेल्या चेहऱ्याचे पाच गुण

नमस्कार श्रोतेहो. ‘अल्गोरिदममुळे द्वेष पसरला’, ‘अल्गोरिदम बदलला आणि बातम्या दिसेनाशा झाल्या’ अशी वाक्यं हल्ली रोज कानावर पडतात. अशा बातमीत अल्गोरिदम म्हणजे पोस्टना गुण देण्याची पद्धत. तुम्ही ॲप उघडता, तेव्हा दाखवण्याजोग्या शेकडो पोस्ट रांगेत असतात. तुम्ही कशाला लाइक कराल, कशावर कॉमेंट कराल, याचा अंदाज यंत्र तुमच्या आजवरच्या वागण्यावरून बांधतं. पण लाइकला किती गुण आणि कॉमेंटला किती, हे कंपनीतली माणसं ठरवतात. पुन्हा सांगतो, अंदाज यंत्राचा, गुण माणसांचे. ज्या पोस्टचे गुण जास्त, ती वर.

आता फेसबुकचीच गोष्ट ऐका. 2016 मध्ये तिथे लाइकच्या जोडीला हसरा, रडका, रागावलेला असे चेहरे आले. 2017 मध्ये कंपनीने ठरवलं की लाइकला एक गुण, तर अशा प्रत्येक चेहऱ्याला पाच. हेतू सरळ होता. चेहरा निवडायला लाइकपेक्षा जास्त कष्ट पडतात, म्हणजे त्या माणसाला ती पोस्ट जास्त भिडली असणार.

अंदाजाचा भाग क्षणभर बाजूला ठेवून ढोबळ हिशेब करून बघा. एका पोस्टला शंभर लाइक मिळाले, तिचे गुण शंभर. दुसरीवर फक्त तीसजण चिडले, तरी तिचे गुण दीडशे! चिडवणारी पोस्ट पुढे गेली, आणखी लोकांना दिसली, आणखी लोक चिडले. चेहरा आवडीचा की नावडीचा, हे त्या हिशेबाला कळत नव्हतं. पुढे 2019 मध्ये कंपनीच्याच अभ्यासकांना आढळलं, की रागाचे चेहरे जास्त मिळवणाऱ्या पोस्टमध्ये खोटी माहिती आणि विखारी मजकूर जास्त असतो. रागाच्या पाचाचे चार 2018 मध्येच झाले होते, 2020 मध्ये दीड झाले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रागाला शून्य! खोटी माहिती कमी दिसू लागली, आणि लोकांचा वावर काही घटला नाही. हे सगळं 2021 मध्ये कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली तेव्हा जगाला कळलं.

  

तेव्हा ‘अल्गोरिदम बदलला’ असं ऐकलंत, की विचारा: कशाचे गुण वाढले, कशाचे घटले आणि ते कुणी ठरवलं? बातमीत याचं उत्तर नसेल, तर ती बातमी अर्धीच आहे. आणखी एक. अंदाज प्रत्येकासाठी वेगळा असतो, म्हणून एकाच पोस्टचे गुण तुमच्यासाठी वेगळे आणि शेजारच्यासाठी वेगळे. ‘मला हे दिसलं’ एवढ्यावरून सगळ्यांना तेच दाखवलं जातंय, असं म्हणता येत नाही.