न मागता दिलेलं

मंडळी, ‘घरचा खांब’ म्हणून जिचं सगळीकडे कौतुक होतं, ती बाई माझ्यासमोर येऊन बसते तेव्हा पैशांबद्दल बोलत नाही. ती कपाबद्दल बोलते.

समुपदेशनाला आलेल्या एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय 48, थोरली बहीण. आईला मधुमेह, दिवसातून दोनदा इन्शुलिन. धाकटा भाऊ स्कूटरवरून पंधरा मिनिटांच्या अंतरावर राहतो. वडिलांचं आजारपण ताईंनी काढलं, आईच्या मोतीबिंदूच्या वेळी रजा त्यांनीच घेतली, भावाच्या मुलाच्या कॉलेजची पहिली फीसुद्धा त्यांनीच भरली. आणि माझ्याकडे येऊन सांगितलं काय, तर रविवारी भाऊ आला, चहा प्यायला आणि रिकामा कप टीपॉयवर ठेवून गेला. “तो कप उचलताना माझे हात थरथरत होते.”

फीबद्दल रागावणं त्यांना शोभेना. दिलेलं बोलून दाखवायचं नाही, हे आपल्याकडे लहानपणापासून मनावर ठसवतात, मुलींच्या तर जास्तच. मग तो राग कपावर उतरतो, ओल्या टॉवेलवर उतरतो. क्षुल्लक गोष्टीवर एवढा संताप आला की मी मागे जाऊन बघते, कुठलं मोठं देणं गिळलं गेलंय?

मी त्यांना एक वही घालायला सांगितली. महिनाभर घरच्यांसाठी जे जे कराल ते लिहायचं आणि पुढे एवढंच, की ते कुणी मागितलं होतं का. महिन्याअखेरीस 43 नोंदी झाल्या. मागितलेल्या 9. बाकी सगळं कुणी तोंड उघडायच्या आत करून मोकळ्या. बराच वेळ त्या वहीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे त्याचं काहीच चुकत नाही?”

चुकतं. आईचं दुखणं डोळ्यांना दिसत असताना हात न लावणं ही चूकच आहे, आणि मी त्यावर पांघरूण घालणार नाही. पण हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत काम केलेले कुटुंबोपचारतज्ज्ञ इव्हान बोझोर्मेन्यी-नाज म्हणायचे, की प्रत्येक घरात दिल्या-घेतल्याची एक अदृश्य खातेवही चालू असते. या घरात ती एकट्या ताईंकडे होती. भावाला आपल्या नावावर काही निघतंय याचा पत्ताच नव्हता. रविवारची धुसफुस ही खरं तर वसुली होती. त्याला मात्र वाटायचं, ताई हल्ली चिडचिडी झालीय.

दुसरं जे झालं ते जास्त नुकसानीचं. त्या जितकं अंगावर घेत गेल्या तितका तो अंग काढून घेत गेला. आईचं इन्शुलिन कुठलं, हे त्याला सांगता येईना. मरे बोवेन या मनोविकारतज्ज्ञांनी ही जोडी नेमकी ओळखली होती. एकाचं अति करणं आणि दुसऱ्याचं कमी करणं एकमेकांना धरून असतं. म्हणून नुसतं दुसऱ्याला रागावून भागत नाही.

‘जरा मदत कर’ म्हणूनही उपयोग नसतो. मदतीत हात दुसऱ्याचे, पण लक्षात ठेवायचं ओझं आपल्याच डोक्यावर. काम द्यायचं तर आठवणीसकट अख्खं द्यावं लागतं. आम्ही आईच्या घरचं लाईट बिल निवडलं. इन्शुलिन नाही, कारण तिथली चूक आईच्या जिवावर बेतेल. बिल चुकलं तर विलंब आकार लागतो. वीज तोडायची झाली तरी 2003 च्या वीज कायद्याप्रमाणे आधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणजे चुकायला जागा होती.

भाऊ चुकलाच. तारीख उलटली. ताईंनी फोनवर बिल उघडलं, रक्कम समोर, बोटाच्या एका टेकण्याचं काम. तेवढ्यात त्यांनी मला फोन केला. “अंधारात बसेल हो आई.” मी म्हटलं, नोटीस आलीय का? नव्हती आली. मग थांबा. पुढचे काही दिवस त्यांना झोप लागली नाही. सवय सुटताना हा त्रास होतोच, आणि बहुतेक जण इथेच माघार घेतात. नवव्या दिवशी आईनेच मुलाला फोन केला, “अरे, बिलाचा मेसेज आलाय बघ.” त्याने दंडासकट भरलं. पुढच्या महिन्यात तारखेच्या आधी.

त्यानंतर दोन महिन्यांनी तो दोन सकाळी बहिणीशेजारी बसून इन्शुलिनचं प्रमाण आणि सुई टोचायची जागा शिकला. आता शनिवार-रविवार त्याच्याकडे आहेत. कप अजूनही टीपॉयवरच राहतो, पण ताई “आत ठेव रे” म्हणतात आणि तो ठेवतो. फीच्या पैशांचा विषय मात्र त्यांनी अजून काढलेला नाही. मागच्या भेटीत म्हणाल्या, “दिवाळीनंतर बोलेन.”